काउंटरवर हसायला शिकवून माणूस टिकतो की लवकर खचतो?

रेवती_क
नागरिकांसाठीच्या खिडक्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. तक्रारी वाढल्या म्हणून वरून आदेश आलाय की खिडकीवरच्या प्रत्येकाला सौजन्याचं प्रशिक्षण द्या. हसतमुख राहा, आवाज चढवू नका, समोरचा काहीही बोलला तरी शांत राहा, असा सगळा मजकूर आहे. माझं मत असं की दिवसभर लोकांचा राग झेलणाऱ्याला वर हसायलाही लावलं तर तो आणखी लवकर खचेल. माझ्याकडच्या दोघा कर्मचाऱ्यांमध्ये मला ते दिसायला लागलंय. विरोधी मतं जरूर मांडा, फक्त कारणांसकट.

टोकन_पुढचे
मग माझं विरोधी मत घ्या. मी रोजंदारीवर काम करतो. खिडकीवर एक खेप म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तिथे पोचल्यावर आतला माणूस मान वर करून बघत नाही. "कागद कमी आहे, पुढचा." कुठला कागद विचारलं की "बाहेर बोर्डावर लिहिलंय." बोर्डावर काहीतरी तिसरंच लिहिलेलं असतं. त्यांना पगार मिळतो, सुट्ट्या मिळतात, पंखा त्यांच्या डोक्यावर असतो. खचायचाच हिशोब मांडायचा तर रांगेतल्या माणसापासून सुरू करा. हसायला शिकवणार असाल तर उत्तम, निदान तोंडाकडे बघून तरी बोलतील.

मंजिरी
फार महत्त्वाचा विषय. घरातल्या बाईच्या भावनिक श्रमांबद्दल तर कुणी बोलतच नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाचं औषध, सासूबाईंची नाराजी, सगळं डोक्यात ठेवायचं आणि चेहरा हसरा. तिला कुठलं प्रशिक्षण?

रेवती_क
मंजिरीताई, तो विषय मोठा आहे, पण वेगळा. त्याचा धागा तुम्ही काढा, मी नक्की येईन. इथे पगारी नोकरीत, ठरलेल्या चेहऱ्याने अनोळखी माणसांचा राग घेण्याबद्दल बोलू या.

सदानंद
सेवानिवृत्त आहे. उभी हयात खिडक्यांवर आणि नंतर खिडक्यांच्या मागे काढली. आमच्या वेळी हे बर्नआउट वगैरे नव्हतं असं म्हणणार नाही. होतं, त्याला "तो कामातून गेला" म्हणायचे. उपाय दोनच. एक, माणूस फिरता ठेवा. सकाळी खिडकी, दुपारी आत नोंदवही. दुसरं, मनात साठू देऊ नका. संध्याकाळी दार बंद करून सगळ्यांनी बसायचं आणि त्या दिवशीच्या नगांना मनसोक्त शिव्या घालायच्या. ओकून टाकलं की मन मोकळं. बाकी प्रशिक्षण वगैरे कागदी खेळ आहेत. कातडी जाड करावी लागते, ती वर्षं घालवूनच होते.

वैखरी
कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यात खिडकीवरची माणसं खूप आली. सदानंदकाकांचा पहिला मुद्दा मला पटतो. दुसऱ्याबद्दल थोड्या वेळाने बोलते. आधी टोकन_पुढचे यांनी जे पाहिलं त्याबद्दल, कारण धाग्याचं उत्तर मला तिथेच सापडतं.

मान वर न करणं, "पुढचा" म्हणणं, बोर्डाकडे बोट दाखवणं. हा उर्मटपणा वाटतो आणि काही वेळा तो असतोही. पण खचलेल्या माणसाचं ते अगदी ठरलेलं रूप आहे. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये खचणं मोजायची प्रश्नावली आणली, तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. शक्ती संपणं ही पहिली. समोरच्या माणसाला माणूस म्हणून न पाहता नुसतं प्रकरण म्हणून पाहणं, ही दुसरी. आणि आपल्या कामाचा कुणाला काही उपयोग होत नाही असं वाटणं, ही तिसरी. लोक पहिलीलाच बर्नआउट समजतात. खिडकीवर मात्र बाहेरच्याला दिसते ती दुसरी. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं तर त्याची अडचण दिसेल, अडचण दिसली तर काहीतरी करावंसं वाटेल, आणि करण्यासारखं हातात काही नाही. म्हणून माणूस पाहणंच बंद करतो. त्याच्यापुरतं ते संरक्षण असतं. रांगेतल्याला तो अपमान वाटतो, तो चिडतो, आणि आतला आणखी मान खाली घालतो.

आता प्रशिक्षण. आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये भावनिक श्रमांची कल्पना मांडली ती विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्या कामावरून. सेविकेला हसणं कामाचा भाग म्हणून द्यायचं होतं, वसुलीवाल्याला दरडावणं. खिडकीवरच्या माणसाला दोन्ही करावं लागतं, तेही एकाच वाक्यात: नियम कडकपणे सांगायचा आणि चेहरा मऊ ठेवायचा. आतून चिडलेलं असताना वरवर हसणं हे त्यातलं सगळ्यात महाग पडतं. इतक्या वर्षांच्या अभ्यासांतून जवळपास सातत्याने दिसतं की वरवरचा मुखवटा आणि दमणूक एकत्र येतात. रेवती, तुमची शंका रास्त आहे.

प्रसन्न_वदन
मी अशी प्रशिक्षणं घेतो, त्यामुळे माझ्याच पोटावर पाय येतोय. वैखरीताईंनी अर्धीच बाजू मांडली. मुखवटा वेगळा आणि समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून खरोखर शांत होणं वेगळं. आम्ही दुसरं शिकवतो. "हा माणूस माझ्यावर नाही, परिस्थितीवर चिडलाय" हे मनाला पटलं की हसू ओढूनताणून आणावं लागत नाही. त्याने दमणूक वाढते असं कुठल्या अभ्यासात आलंय? शिवाय प्रशिक्षण नसलेला माणूस काय करतो? उलटून ओरडतो. मग भांडण, मग लेखी तक्रार, मग चौकशी. ते कमी दमवणारं आहे का?

वैखरी
मुद्दा बरोबर आहे. आतून दृष्टी बदलण्याने दमणूक वाढते असं ठामपणे दिसलेलं नाही. तसं करणं मुखवट्याइतकं घातक नाही, आणि समोरच्याला चांगली वागणूक मिळते हा फायदा आहेच. पण दोन अडचणी. एक, दृष्टी बदलायला वेळ लागतो, श्वास घ्यायला फट लागते. एकामागून एक टोकन पुकारलं जात असताना माणूस पहिल्या तासात दृष्टी बदलतो, दुपारनंतर मुखवटाच उरतो. दुसरी अडचण मोठी आहे. "तो परिस्थितीवर चिडलाय" हे तुम्ही शिकवता. ती परिस्थिती उद्याही तीच असेल तर? रोज त्याच कारणासाठी समजूतदार व्हायला लावणं म्हणजे दोष यंत्रणेचा आणि मलम कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने आणायचं.

टोकन_पुढचे
म्हणजे ते खचलेत म्हणून मी अपमान गिळायचा? छान. माझं खचणं कुठल्या प्रश्नावलीत येतं?

खिडकी_तीन
टोकन_पुढचे यांना मी उत्तर देते, कारण मी त्या काचेच्या आत बसते. वाचत होते, राहवलं नाही.

आमच्याकडे नोंदीतलं नाव दुरुस्त करायचे अर्ज येतात. अर्ज मी घेते, शुल्क घेते, पोच देते. तपासणी आतल्या टेबलावर होते. आतला तपासणारा अर्ज वाचायला लागतो आणि पहिली त्रुटी दिसली की तिथेच थांबतो. शेरा मारतो आणि परत पाठवतो. माझ्या स्क्रीनवर एवढंच येतं: "त्रुटी, परत." कुठली त्रुटी ते फाईल हातात आल्यावर कळतं, आणि कधी कधी शेरा वाचताच येत नाही.

एक काका आले होते. पहिल्यांदा अर्ज परत गेला, कारण शपथपत्र जुन्या नमुन्यात होतं. त्यांनी नवीन करून आणलं. दुसऱ्यांदा परत आला, कारण ओळखीच्या कागदावर वडलांचं नाव आखूड लिहिलेलं. तेही आणलं. तिसऱ्यांदा परत, कारण एका प्रतीवर सही राहिली होती. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी अर्जात होत्या. आतल्याने एकदाच शेवटपर्यंत वाचलं असतं तर काका एकदाच परत गेले असते. पण तिन्ही वेळा तोंड माझं होतं. तिसऱ्या वेळी ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या आईवर गेले.

आम्हाला सूचना आहे की आतल्या टेबलाचं नाव घ्यायचं नाही, "कार्यालयाने परत केलंय" म्हणायचं. म्हणजे त्यांच्या दृष्टीने कार्यालय म्हणजे मीच. मी त्यांना समजावत होते तेवढ्यात साहेब आतून आले, आवाज ऐकून. काकांना आत नेलं, खुर्ची दिली, आणि सही तिथल्या तिथे करून घेऊन अर्ज मंजूर केला. सगळ्या रांगेसमोर. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण खरी गंमत पुढे आहे. रांगेतल्या पुढच्या माणसाने माझ्याकडे येऊन बोलायला सुरुवातच ओरडून केली. का नाही करणार? नुकतंच त्याने पाहिलं होतं की काम कशाने होतं.

त्यानंतर मी बदलले हे मला माहीत आहे. मला विचारलं त्याच्यापेक्षा एक शब्द जास्त बोलत नाही. जो कागद लागेल असं मला वाटतं, तोही मागून ठेवते, नियमात नसला तरी, म्हणजे परत आला तर माझ्यावर नको. तुम्ही मला उर्मट म्हणाल, म्हणा. रविवारी दुपारपासून माझ्या पोटात गोळा येतो.

टोकन_पुढचे
तुमच्या आईवर जे बोलले ते चूकच. पण मला एवढं सांगा, नियमात नसलेला कागद तुम्ही मागून ठेवता तो आणायला मी एक दिवसाची मजुरी घालवतो. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणीतरी तुम्हाला शिव्या घातल्या त्याची वसुली माझ्याकडून का?

खिडकी_तीन
याला माझ्याकडे उत्तर नाही.

वैखरी
टोकन_पुढचे यांचा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. खिडकीवरच्या खचण्याचा खर्च कर्मचारी एकटा भरत नाही, रांगेतलाही भरतो. जादा कागद मागणं ही त्याची अगदी ओळखू येणारी खूण आहे. मी एखाद्या कार्यालयात जाते तेव्हा चेहऱ्यांपेक्षा हेच बघते. एकाच कामासाठी दोन खिडक्या वेगवेगळे कागद मागतात का? सोमवारच्या आजारी रजा वाढल्यात का? सोप्या नोंदीत चुका होऊ लागल्यात का? उत्तरं दिवसेंदिवस आखूड होत चालली आहेत का? आणि सुट्टीवरून आल्यावर माणूस किती वेळ ताजातवाना राहतो? साधी दमणूक सुट्टीने जाते. खचलेला पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा तितकाच दमलेला दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी नोंद मंजूर केली, तीत तो आजार म्हणून नाही, तर कामाशी बांधलेली घटना म्हणून येतो, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून आलेली. हा भेद इथे कामाचा आहे. खिडकी_तीन, रविवारचा गोळा कामाकडे बोट दाखवतो. पण घरीही कशातच जीव रमत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे कामापुरतं राहिलेलं नाही. डॉक्टरांना भेटा, रजेची वाट बघत बसू नका.

आता तुमच्या गोष्टीबद्दल. तुम्हाला शिव्यांनी खचवलं असं मला वाटत नाही, निदान मुख्यतः नाही. उत्तर द्यायची जबाबदारी तुमची आणि निर्णय दुसऱ्याचा, यात तुमची ताकद संपली. कामाचा रेटा जास्त आणि हातात अधिकार कमी ही जोडी सगळ्यात त्रासदायक ठरते, हे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं आणि खिडकी त्याचं जिवंत उदाहरण आहे. तुमच्या बाबतीत त्यावर साहेबांनी शेवटचा घाव घातला. तुमचा "नाही" त्यांनी सगळ्यांसमोर "हो" केला. त्यांना वाटलं असेल आपण प्रसंग सांभाळला. प्रत्यक्षात रांगेला कळलं की खिडकीला अर्थ नाही, आवाजाला आहे.

सदानंद
इथे मी साहेबाची बाजू घेणार. मी तो साहेब होतो. समोर म्हातारा माणूस तिसऱ्या खेपेला रडकुंडीला आलाय, एका सहीचा प्रश्न आहे, आणि मी काय करू? "माझ्या कर्मचाऱ्याचा मान राहिला पाहिजे, तुम्ही चौथ्यांदा या" असं सांगू? नागरिकाचं काम व्हायला हवं ते आधी. कर्मचाऱ्याची भावना नंतर समजावता येते.

वैखरी
काम करूच नका असं मी म्हणत नाही, काका. कुणाच्या हातून करायचं, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही बाहेर न येता खिडकी_तीनना आत बोलवा, विचारा काय अडलंय, आणि सांगा: "सही इथेच घ्या, मी बघतो." मग त्या बाहेर जाऊन काकांना सांगतील, "इथे सही करा, तुमचं होतंय." काम तेच, वेळ तोच. पण रांगेने पाहिलं की खिडकीवर बोलल्याने काम झालं. मुद्दाम सांगते, कर्मचाऱ्याची चूक असली तरीही असंच करावं. चूक आत दाखवा, सुधारणा तिच्या तोंडून बाहेर जाऊ द्या.

फक्त समोरचा अर्वाच्य बोलत असेल किंवा अंगावर येत असेल तेव्हा साहेबांनी बाहेर यायला हवं. आणि तेव्हा आल्यावर पहिलं वाक्य कर्मचाऱ्याला उद्देशून हवं: "तुम्ही आत जा, मी इथे आहे." नागरिकाला खुर्ची त्यानंतर.

प्रसन्न_वदन
हे ठीक, पण मग ओरडणाऱ्याशी बोलणं कधी तोडायचं? आमच्याकडे लोक विचारतात आणि खरं सांगायचं तर कार्यालयं यावर काही लिहून देत नाहीत. "सहन करा" एवढंच.

वैखरी
लिहून द्यायलाच हवं, नाहीतर प्रत्येक जण स्वतःची सीमा ठरवतो. कुणी पहिल्या चढ्या आवाजाला खिडकी बंद करतो, कुणी मार खाईपर्यंत बसून राहतो. नुसता चढा आवाज हा राग आहे, तो ऐकून घ्यायचा. शिवी, जात, शरीर, कुटुंब यांवर गेलं की एकदा स्पष्ट सांगायचं: "असं बोललात तर मी थांबेन, तुमचं काम वरिष्ठ बघतील." पुन्हा झालं की थांबायचं आणि उठायचं. उठता यायला हवं, हे महत्त्वाचं. उठलेल्या माणसाला लगेच पुढचं टोकन द्यायचं नाही. पाच-दहा मिनिटं आतल्या कामावर बसवा. नाहीतर त्या प्रसंगाचा उरलेला राग पुढच्या निरपराध माणसाला मिळतो, जो बहुतेक वेळा टोकन_पुढचे यांच्यासारखा असतो.

टोकन_पुढचे
हे पटलं. एक सांगू? मी ओरडतो तेव्हा खिडकीवर पोचायच्या आधीच मी पेटलेला असतो. दोन तास रांगेत आणि का थांबलोय हे कुणी सांगत नाही. लिंक गेलीये की माणूस जेवायला गेलाय? खिडकीवाला आल्यावर जो पहिला शब्द बोलतो त्यावर सगळं निघतं.

वैखरी
अगदी. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांबद्दल हेच लिहिलं होतं: कारण न सांगितलेलं थांबणं सांगितलेल्यापेक्षा लांब वाटतं, आणि अन्याय वाटला तर तेही लांब वाटतं. खिडकीपर्यंत पोचणारा बराचसा राग रांगेत तयार होतो. लिंक गेली की दर थोड्या वेळाने कुणीतरी बाहेर येऊन मोठ्याने सांगावं. "माहिती आली की सांगतो" एवढं सांगितलं तरी फरक पडतो. आणि हे सांगायचं काम खिडकीवरच्याला देऊ नका, नाहीतर वाईट बातमीही त्याच्याच तोंडून जाते.

रेवती_क
यातलं बरंच मी उद्याही करू शकते. पण मूळ दुखणं आतल्या टेबलाचं आहे असं दिसतंय. खिडकी_तीन, तुमच्याकडे ते सुटलं का?

खिडकी_तीन
अर्धवट. एका वरिष्ठ बाईंनी तपासणाऱ्याला रोज सकाळी तासभर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. तेवढ्या वेळात आलेला अर्ज तो माणसासमोर शेवटपर्यंत वाचायचा. एकदाच तिन्ही त्रुटी सांगायचा, त्याच कागदावर लिहून द्यायचा. त्या तासाला आरडाओरडा जवळजवळ नसायचा. लोक "नाही" ऐकून शांतपणे जायचे, कारण "नाही" का ते हातात लिहिलेलं असायचं. हसायची गरज पडली नाही, मला तर हसू आपोआप यायचं.

मग आतल्या टेबलाने तक्रार केली की त्यांच्या फायली मागे पडतात. बाई बदलून गेल्या, खुर्ची परत आत गेली.

सदानंद
बघा, मी पहिल्यांदाच म्हणालो होतो, माणूस फिरता ठेवा. तपासणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस खिडकीवर बसवा. स्वतःचा शेरा स्वतःच लोकांना सांगायला लागला की अक्षरही सुधारतं. ते संध्याकाळी ओकून टाकण्याबद्दल कोणी काही बोललं नाही, ते पटलं असं समजतो.

वैखरी
शेरा सांगायला बसवा, हे एकदम मान्य. ओकून टाकण्याबद्दल मात्र नाही. राग पुन्हा पुन्हा उगाळला की तो उतरत नाही, तापत राहतो; ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात चिडवणाऱ्याचा विचार करत पिशवीवर गुद्दे मारणारे गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. शिवाय रोज संध्याकाळी लोकांना "नग" म्हणायची सवय लागली की सकाळी खिडकीवर नगच येतात, माणसं येत नाहीत. एकत्र बसणं चांगलं आहे. पण ते "तो असा बोलला" यावर न थांबता "पुढच्या वेळी त्याला काय सांगायचं आणि तोवर आतून काय बदलून घ्यायचं" इथपर्यंत जायला हवं. बोलायचं नसेल त्याला बोलायला लावू नका. मोठ्या प्रसंगानंतर सगळ्यांना सक्तीने बसवून एकदाच भावना बोलायला लावण्याचा उपयोग दिसलेला नाही.

सदानंद
तुमचे प्रयोग असतील, मला मात्र त्या बैठकांनीच तगवलं. आम्ही हसायचो तिथे. तुम्ही हसणं मोजलंत का?

वैखरी
हसणं वेगळं, काका. ते तुम्हाला तगवत असेल हे मी नाकारत नाही.

प्रसन्न_वदन
मग प्रशिक्षण बंदच करायचं का? रेवतीताई, आदेश तर आलाय.

रेवती_क
आदेश टाळता येणार नाही. दिवसाचा आराखडा मी बदलायला मागणार आहे. सकाळी खिडकीवरचे, दुपारी आतले तपासणारे, दोघांचंही प्रशिक्षण. आतल्यांनी काय करायचं? परत आलेले अर्ज घ्यायचे आणि प्रत्येकाची सगळी कारणं एका कागदावर, वाचता येईल अशी लिहायची. प्रसन्न, हे तुम्ही शिकवाल का?

प्रसन्न_वदन
मला यातलं काही येत नाही. पण अवघड वाटत नाही.

खिडकी_तीन
रेवतीताई, ते सगळं करा, पण साहेबांनी रांगेसमोर निर्णय उलटवायचा नाही हे कोण लिहून देणार? तोंडी सगळे हो म्हणतात.

रेवती_क
लिहून मिळणार नाही. वरचा कुणी स्वतःवर असं बंधन घालून घेणार नाही. मी एवढं करू शकते की माझ्या विभागात बाहेर येण्याआधी मला फोन करायचा, असं साहेबांशी ठरवून घेते. ते पाळतील का, माहीत नाही.

टोकन_पुढचे
आणि मी कुणाकडे तक्रार करू? म्हणजे खरंच विचारतोय. खिडकीवाल्याच्या नावाने केली तर त्यालाच बोलणी बसणार, आणि तपासणाऱ्याचं नाव मला माहीत नाही.

वैखरी
नाव नको, क्रम लिहा. कुठल्या तारखेला अर्ज दिला, कुठल्या तारखेला कुठल्या कारणाने परत आला, पुन्हा कुठल्या कारणाने. प्रत्येक परतीच्या शेऱ्याची प्रत जोडा. दुसरी त्रुटी पहिल्या दिवशीही अर्जात होती, एवढं एक वाक्य लिहा. उर्मटपणाच्या तक्रारीवर प्रशिक्षणाचा आदेश निघतो. अशा तक्रारीवर निदान आतल्या टेबलाला विचारावं लागतं.

टोकन_पुढचे
शेऱ्याची प्रत देतात का खिडकीवर?

खिडकी_तीन
मागितली तर देते. कुणी मागत नाही.